शेजारच्या पलंगावरचा श्वास

एव्हरेस्ट बेस कॅम्पच्या वाटेवर डिंगबोचे नावाचं गाव लागतं. उंची ४,४१० मीटर. तिथल्या लॉजमधल्या खोल्यांना प्लायवूडच्या पातळ भिंती असतात, दोन अरुंद पलंग आणि मधे जेमतेम हातभर जागा. संध्याकाळी लवकरच डाळभात उरकतो, जेवणघरातली याकच्या शेणाची शेगडी विझायला लागते आणि थंडीपायी आठच्या आत सगळे स्लीपिंग बॅगमध्ये शिरतात. पुढे रात्री कधीतरी, या ना त्या खोलीत, कुणीतरी डोळे टक्क उघडे ठेवून शेजारच्याचा श्वास ऐकत पडलेलं असतं. कारण तो श्वास मधेच बंद पडतो.

आमच्या गटात पुण्याची एक मामा-भाच्यांची जोडी होती. मामा साठीच्या अलीकडचे, बँकेतून निवृत्त झालेले, भाचा तिशीतला. डिंगबोचेच्या पहिल्या रात्री भाच्याला जाग आली ती खोलीत पसरलेल्या शांततेने. मामांचा श्वास ऐकू येत नव्हता. घाबरून त्याने हाक मारायला तोंड उघडलं, तोच मामांनी घरघरत एक मोठा श्वास ओढला. त्यामागून चार-पाच खोल, भरभर श्वास, मग हळूहळू उथळ होत गेलेले दोन-तीन, आणि पुन्हा सामसूम. भाचा इंजिनियर. त्याने मोबाइलवर स्टॉपवॉच लावलं. सामसूम आठ-दहा सेकंदांची, आणि एका मोठ्या श्वासापासून दुसऱ्यापर्यंतचा सगळा फेरा वीस सेकंदांच्या आसपास. पंधरा मिनिटं हा हिशेब ठेवल्यावर त्याचा धीर सुटला. “मामा, मामा, उठा!” मामा उठून बसले, अगदी स्वच्छ आवाजात “काय रे, काय झालं?” म्हणाले, पाणी प्यायले आणि पाठ टेकताच पुन्हा झोपले. फेरा पुन्हा सुरू झाला.

उंचावर झोपलेल्या माणसाच्या श्वासाची ही लय फार पूर्वी टिपली गेली आहे. प्रकाशाच्या विखुरण्यामुळे आपल्याला शाळेत भेटलेला जॉन टिंडल १८५७ साली माँ ब्लाँ चढत असताना बर्फावर आडवा झाला आणि त्याला डुलकी लागली. सोबतच्या थॉमस हर्स्टने त्याला हलवून जागं केलं, कारण बराच वेळ त्याचा श्वासच हर्स्टला ऐकू आला नव्हता. पुढे एकोणिसाव्या शतकाच्या अखेरच्या दशकात आंजेलो मोस्सो या इटालियन शरीरशास्त्रज्ञाने मोंटे रोझा पर्वतावरच्या ४,५५९ मीटर उंचीच्या मार्गेरिटा झोपडीत झोपलेल्या माणसांच्या श्वासाचे आलेखच काढले. भाच्याने स्टॉपवॉचवर जे मोजलं तेच त्या आलेखांत दिसतं: लाटांचा एक पुंजका, मग सपाट रेघ, मग पुन्हा पुंजका.

असं होतं याचं मूळ दोन वायूंमध्ये आहे. उंचावर हवेतलं ऑक्सिजनचं प्रमाण घटतं असा बऱ्याच जणांचा समज असतो. प्रमाण तेच राहतं, एकवीस टक्के. घटतो तो हवेचा दाब, आणि त्याबरोबर दर श्वासात छातीत जाणारा ऑक्सिजन. आपल्या कळसूबाईच्या माथ्यावर, १,६४६ मीटरवर, दाब समुद्रकाठच्या चार-पंचमांशाहून थोडा जास्तच असतो, त्यामुळे सह्याद्रीत आयुष्य घालवलेल्या गड्यालाही हा प्रकार ठाऊक नसतो. नामचे बाजारला, ३,४४० मीटरवर, दाब दोन-तृतीयांश उरतो, डिंगबोचेला साठ टक्क्यांच्या आसपास आणि गोरक्षेपला निम्म्याच्या जरा वर. गळ्याच्या दोन्ही बाजूंना, मेंदूकडे जाणारी मोठी रोहिणी जिथे दुभागते तिथे, रक्तातला ऑक्सिजन जोखणारे सूक्ष्म अवयव आहेत. ऑक्सिजन कमी पडला की ते मेंदूला जोराने श्वास घ्यायला सांगतात. इथवर सगळं आपल्या भल्याचंच आहे.

अडचण दुसऱ्या वायूपाशी सुरू होते. श्वास वाढला की शरीरातला कार्बन डायऑक्साइड जास्त वेगाने बाहेर टाकला जातो आणि त्याची रक्तातली पातळी उतरते. जागेपणी याने फारसं बिघडत नाही. आपण बोलत असतो, चालत असतो, मेंदू जागा असतो आणि जागेपणाचाच म्हणून एक रेटा श्वासाला मिळत राहतो. झोप लागली की हा रेटा जातो. झोपेत श्वासाची सूत्रं जवळजवळ पूर्णपणे कार्बन डायऑक्साइडच्या हाती असतात. त्याची पातळी एका ठरावीक मर्यादेच्या खाली गेली की मेंदू श्वास घेण्याचा हुकूमच देत नाही. घरी, पुण्यामुंबईत, आपली नेहमीची पातळी आणि ही मर्यादा यांत पुरेसं अंतर असतं. उंचावर ऑक्सिजनसाठी श्वास वाढलेला असतो, त्यामुळे हे अंतर फार कमी उरतं. कुशीवर वळताना घेतलेले दोन मोठे श्वासही मर्यादेखाली ढकलायला पुरतात.

मग श्वास थांबतो. थांबला की कार्बन डायऑक्साइड साचायला लागतो, ऑक्सिजन आणखी उतरतो, गळ्यातले राखणदार ओरड करतात आणि मेंदू एकदम जोराचे श्वास सुरू करतो. हे श्वास गरजेपेक्षा जास्त होतात, कार्बन डायऑक्साइड पुन्हा खाली जातो आणि पुन्हा सामसूम. फुफ्फुसात झालेला बदल रक्ताबरोबर गळ्यापर्यंत आणि मेंदूपर्यंत पोचायला काही सेकंद लागतात, त्यामुळे दुरुस्ती नेहमी उशिरा होते आणि नेहमी प्रमाणाबाहेर होते. गिझर लांब असलेल्या न्हाणीघरात गरम पाण्याचा नळ सोडावा, पाणी गारच येतंय म्हणून तो आणखी सोडावा, मग चटका बसला की एकदम बंद करावा, अशातला हा खेळ आहे.

घोरणाऱ्या माणसाचा श्वास अडतो तो प्रकार वेगळा. तिथे घसा मिटतो. छाती श्वासासाठी धडपडत असते, पण हवेला वाट नसते. मामांची वाट मोकळी होती. त्या आठ-दहा सेकंदांत त्यांची छातीच हलत नव्हती, कारण वरून हुकूम नव्हता. भाच्याने टॉर्च लावून पाहिलं असतं तर ते त्याला दिसलं असतं. ज्यांना मुळातच घशाच्या अडथळ्याचा आजार आहे, आणि घरी रात्री जे मशीन लावून झोपतात, त्यांच्या बाबतीत दोन्ही प्रकार एकत्र येऊ शकतात. त्यांनी निघण्याआधी आपल्या डॉक्टरांशी बोलणं भागच आहे.

या सगळ्यात झोपेचं काय होतं? जोराचे श्वास सुरू होतात त्या क्षणी मेंदू अर्धवट जागा होतो, कधी नुसता झोपेची एक पायरी वर येतो. म्हणून उंचावरची झोप हलकी असते, गाढ झोपेचा वाटा घटतो. काहींना यातलं काही आठवत नाही. काही मात्र नेमके त्या मोठ्या श्वासाच्या क्षणी पुरते जागे होतात, गुदमरल्यासारखं वाटून ताडकन उठून बसतात, स्लीपिंग बॅगची चेन खाली ओढतात. ही भीती खरी असते, पण माणूस उठला की जागेपणाचा रेटा परत येतो आणि दोन-चार मिनिटांत श्वास सरळ होतो. पहाटेकडे स्वप्नांच्या झोपेत तर लय बरीचशी आपोआपच सुधारते. याखेरीज साधी कारणंही असतातच. आठला आडवं झालेल्या माणसाला दोनला जाग येणारच. उंचीमुळे आणि दिवसभर प्यायलेल्या पाण्यामुळे लघवीला दोन-तीनदा उठावं लागतं, आणि बाहेर पाणी गोठलेलं असतं.

या ट्रेकमध्ये ‘पहिली रात्र’ एकच नसते. शरीर एका उंचीला रुळायला लागतं म्हणजे काय होतं, तर मूत्रपिंडं दोन-तीन दिवसांत रक्तातला जादा अल्कधर्मी भाग लघवीवाटे टाकून देतात, त्यामुळे श्वासावरचा लगाम सैल होतो आणि ऑक्सिजन थोडा वर चढतो. नामचेला दुसऱ्या रात्री म्हणूनच बहुतेकांना बरं वाटतं. पण डिंगबोचेला पोचलं की नवी पहिली रात्र, लोबुचेला ४,९४० मीटरवर आणखी एक, गोरक्षेपला ५,१६४ मीटरवर आणखी एक. पाच हजारांच्या वर तर कितीही दिवस राहिलं तरी श्वासाची ही लय पुरती जात नाही. तिथे सुधारते ती झोप, आणि रक्तातला ऑक्सिजन.

हीच गोष्ट लडाखला जाणाऱ्यांनीही ध्यानात घ्यावी, कारण मुंबईहून विमानाने काही तासांत समुद्रसपाटीवरून साडेतीन हजार मीटरवरच्या लेहमध्ये उतरणारी मराठी कुटुंबं दर उन्हाळ्यात असतात. त्यांना धास्ती असते खारदुंगला खिंडीची. झोपेच्या दृष्टीने खिंड दुय्यम आहे. तिथे आपण अर्धा तास थांबतो. महत्त्वाची ती मुक्कामाची उंची. खिंड ओलांडून नुब्रात उतरलं की आपण लेहपेक्षाही खाली झोपतो, आणि झोप चांगली लागते. पँगाँगच्या काठावर, सव्वाचार हजार मीटरच्या आसपास, तंबूत काढलेली रात्र मात्र अनेकांना सरता सरत नाही. चार-पाच दिवसांच्या सहलीत तिसऱ्याच रात्री तिथे मुक्काम ठेवणारे आयोजक पाहुण्यांची झोप विकतात, असं माझं स्पष्ट मत आहे.

आता डिंगबोचेची सकाळ. मामा ताजेतवाने नाश्त्याला आले, “अधूनमधून जाग आली, पण झोप लागली बुवा” म्हणाले आणि पोरिज, वर दोन अंडी, असं सगळं संपवलं. भाचा समोर कपाळ दाबत बसला होता. डोकं ठणकत होतं, पोरिजचा वास नको झाला होता, अंगात त्राण नव्हतं. गटातल्या सगळ्यांनी सहानुभूती दाखवली ती मामांना, कारण रात्री श्वास त्यांचा थांबत होता. गटप्रमुखाने मात्र भाच्याला प्रश्न विचारले. डोकं किती दुखतंय? बऱ्यापैकी, गोळी घ्यावीशी वाटण्याइतकं. भूक? नाही. थकवा? आहे. चक्कर? नाही.

हे प्रश्न उगाच विचारलेले नव्हते. उंचीच्या आजाराची तीव्रता ठरवण्यासाठी जगभर वापरली जाणारी लेक लुईस नावाची एक गुणपद्धती आहे. डोकेदुखी, पोटाची तक्रार, थकवा आणि चक्कर, प्रत्येकाला शून्य ते तीन गुण. उंची अलीकडेच वाढलेली असताना डोकेदुखी असेल आणि बेरीज तीन किंवा जास्त होत असेल तर तो उंचीचा आजार. भाच्याची बेरीज झाली चार: डोकेदुखीचे दोन, भुकेचा एक, थकव्याचा एक. मामांच्या खात्यात डोकेदुखीच नव्हती. पूर्वी या पद्धतीत झोपेचाही प्रश्न असे. २०१८ साली ती सुधारली तेव्हा झोपेचा प्रश्न काढून टाकण्यात आला, कारण खराब झोप बाकीच्या लक्षणांच्या बरोबरीने चालत नाही असं दिसून आलं. नीट न झोपलेली माणसं ठणठणीत असतात आणि छान झोपलेली कधी आजारी असतात. भाच्याला त्या दिवशी वर चढू दिलं नाही. डिंगबोचेलाच आणखी एक मुक्काम, डोक्यासाठी पॅरासिटामॉल, उन्हात बसणं. दुसऱ्या दिवशी डोकं उतरलं, भूक लागली, आणि त्यानंतरच तो लोबुचेकडे निघाला. आजार सौम्य असेल तर आहे त्या उंचीवर थांबणं पुरतं. डोकं दुखत असताना मुक्काम वर नेणं हीच खरी घोडचूक.

मामांचा श्वास एवढा तुटक का होता, याला एक मजेदार बाजू आहे. ऑक्सिजन घटल्यावर ज्यांचं शरीर तातडीने आणि जोराने श्वास वाढवतं, त्यांच्यातच ही लय जास्त दिसते, कारण त्यांची दुरुस्ती जास्त आक्रमक असते. दिवसा हाच जोर उपयोगी पडतो. सुखमय लाहिरी या भारतीय शरीरशास्त्रज्ञाने यावर मोलाचं काम केलं. १९६०-६१ साली हिलरींच्या नेतृत्वाखाली गेलेल्या मोहिमेत ५,८०० मीटरवर उभारलेल्या रुपेरी झोपडीतल्या संशोधकांत ते होते, आणि १९८१च्या अमेरिकन वैद्यकीय एव्हरेस्ट मोहिमेतही. सखल भागातून आलेल्यांचा श्वास झोपेत तुटत होता. पिढ्यान्पिढ्या तिथेच राहिलेल्या शेर्पांचा जवळजवळ एकसारखा चालत होता. ऑक्सिजनच्या घटीला त्यांचं शरीर कमी उतावीळपणे उत्तर देतं.

तर झोपेसाठी करायचं काय? पहिला उपाय वेळापत्रकातला आहे आणि तो पुण्यात बसूनच करायचा असतो. तीन हजार मीटरच्या वर रोजच्या मुक्कामाची उंची पाचशे मीटरहून जास्त वाढवू नये, आणि तीन-चार दिवसांनी त्याच जागी दुसरी रात्र काढावी. दिवसा वर फिरून येऊन खाली झोपायला हरकत नाही. लॉजवर उशाखाली सॅक ठेवून पाठीपासून वरचा भाग थोडा उंच केला तर काहींना बरं वाटतं. दारू नको, कारण ती श्वास मंदावते. घरची झोपेची गोळीही स्वतःच्या बुद्धीने घेऊ नये. त्यातल्या अनेक गोळ्या हेच करतात, आणि आधीच अडखळणाऱ्या श्वासावर तो आणखी एक भार.

डायमॉक्स म्हणून ओळखली जाणारी अॅसिटाझोलामाइडची गोळी वेगळी. ती झोप आणत नाही. मूत्रपिंडांना जे करायला दोन-तीन दिवस लागतात ते ती लवकर करवून घेते, त्यामुळे झोपेतला श्वास सलग होतो आणि रात्रीचा ऑक्सिजन वर राहतो. प्रतिबंधासाठी प्रौढांना सहसा १२५ मिलिग्रॅम, म्हणजे आपल्याकडच्या २५० च्या गोळीतली अर्धी, दिवसातून दोनदा देतात. बोटांना मुंग्या येतात, लघवी वाढते, सोडा बेचव लागतो. सल्फा औषधांची अॅलर्जी, मूत्रपिंडाचा विकार किंवा गरोदरपण असेल तर डॉक्टरांना आधी सांगायलाच हवं, आणि पहिली गोळी डोंगरात न घेता घरी घेऊन पाहावी.

बोटाला लावायच्या ऑक्सिमीटरने अलीकडे रात्री नासवल्या आहेत. अंथरुणात ते यंत्र लावून बसलं तर आकडा श्वासाच्या फेऱ्याबरोबर वरखाली होणारच, कधी सत्तरीतही जाणार. त्या आकड्याकडे बघत कुणाला झोप लागेल? मोजायचंच असेल तर दिवसा, पाच मिनिटं स्वस्थ बसून, हात ऊबदार करून मोजावं, आणि त्यावरून एकमेकांशी स्पर्धा लावू नये.

एवढं सांगूनही एक गोष्ट उरते, आणि तिथे ढिलाई चालत नाही. उंचावर फुफ्फुसात पाणी झिरपण्याचा आजारही होतो, आणि तो बहुतेकदा नव्या उंचीवर पोचल्यानंतरच्या दुसऱ्या ते चौथ्या रात्रीच्या दरम्यान डोकं वर काढतो. तोही श्वासाचाच आजार, म्हणून गफलत होते. ओळखायचं असं: माणसाला जागं करा, उठवून बसवा, त्याच्याशी बोला. मामांसारखी लय असेल तर जागेपणी श्वास काही मिनिटांत शांत होतो, माणूस सलग बोलतो आणि पुन्हा आडवा होऊ शकतो. फुफ्फुसात पाणी असेल तर बसूनही धाप थांबत नाही, मिनिटाला पंचवीस-तीस श्वास चालूच राहतात, खोकला असतो, आडवं पडवत नाही, ओठ निळसर दिसतात, छातीत बुडबुड्यांसारखा आवाज येतो. आदल्या दिवशी हा माणूस विनाकारण मागे पडत होता, हेही मग आठवतं. मेंदूला सूज येण्याचा प्रकार वेगळा दिसतो: माणूस भलतंच बोलतो, उठवूनही नीट जागा होत नाही, लॉजच्या बोळात टाचेला पाऊल लावत सरळ रेघेत चालायला सांगितलं तर झोकांड्या खातो. या दोन्हींत सकाळची वाट पाहायची नसते. लॉजवाल्याला उठवा, ऑक्सिजन असेल तर लावा आणि आधार देऊन लगेच खाली न्या. किमान पाचशे ते हजार मीटर. डिंगबोचेहून टेकडीपलीकडे फेरिचेला हिमालयन रेस्क्यू असोसिएशनचा दवाखाना १९७३पासून ट्रेकिंगच्या हंगामात चालतो. तिथले डॉक्टर रोज ट्रेकर्ससाठी उंचीच्या आजारावर बोलतात. वाटेत असाल तर ते चुकवू नका.

गट नेणाऱ्यांना एक विनंती. सकाळी चहाच्या टेबलावर “झोप झाली का?” हा प्रश्न तुम्ही प्रत्येकाला विचारता आणि बहुतेकांचं उत्तर “नाही” येतं, त्यातून कळत काहीच नाही. त्याऐवजी डोकं दुखतंय का, नाश्ता जातोय का, बसल्या जागी धाप लागतेय का, हे विचारा. आणि वर जायचं की थांबायचं, ते या तीन उत्तरांवरून ठरवा.